७४१च्या पोटातला पासंग

पाठ्यपुस्तकातला ऑप-अ‍ॅम्प दोन वाक्यांत सांगून होतो. त्याच्या दोन इनपुटांमध्ये करंट अजिबात शिरत नाही. आणि आउटपुटकडून इनपुटकडे फीडबॅक दिला की दोन्ही इनपुटांवरचं व्होल्टेज तंतोतंत सारखं राहतं. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलमध्ये गेन दहाचा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा, अर्धा व्होल्ट द्यायचा, पाच व्होल्ट मोजायचे, वहीवर सही घ्यायची. दोन्ही वाक्यं खरी ठरतात, कारण अर्धा व्होल्ट ही चिपच्या दृष्टीने फार मोठी रक्कम असते. सिग्नल मिलिव्होल्टच्या घरात आला किंवा त्याचा वेग वाढला, की तीच दोन वाक्यं डगमगायला लागतात.

ज्यांनी ही चिप पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑप-अ‍ॅम्प म्हणजे बहुधा आठ पायांची एक काळी चिप. तिला दोन इनपुट असतात आणि त्या दोहोंमधल्या फरकाला ती लाख-दोन लाख पटीने वाढवून आउटपुटला देते. एवढी मोठी पट कुणाला नकोच असते. म्हणून दोन रेझिस्टन्स लावून आउटपुटचा ठरावीक हिस्सा उलट्या इनपुटला परत दिला जातो आणि मग गेन किती हे त्या दोन रेझिस्टन्सच्या प्रमाणावर ठरतं. या चिप्समधली सगळ्यांत प्रसिद्ध ७४१. डेव्ह फुलागार यांनी ती अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीत तयार केली आणि १९६८ साली ती बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ती आजही मागता क्षणी मिळते.

ही चिप घेऊन बेकरीच्या भट्टीचं तापमान मोजायचं ठरवू. भट्टीत के-टाइप थर्मोकपल घालायचं. दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या असल्या की ते टोक तापल्यावर त्यात व्होल्टेज तयार होतं. के-टाइपमध्ये ते दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतकं असतं. साध्या मल्टिमीटरवर सहज वाचता यावं म्हणून दर अंशाला १० मिलिव्होल्ट हवेत, म्हणजे गेन २४४ हवा. उलट्या इनपुटपासून ग्राउंडला १ किलोओहम, आउटपुटपासून उलट्या इनपुटला २४३ किलोओहम, आणि थर्मोकपल सुलट्या इनपुटला. भट्टी २०० अंशांवर असेल तर आउटपुटला २ व्होल्ट दिसले पाहिजेत. (थर्मोकपल खरं तर गरम टोक आणि थंड टोक यांच्यातला फरक सांगतं, त्यामुळे खोलीचं तापमान वेगळं मिळवावं लागतं. तो हिशेब इथे बाजूला ठेवतो.)

जोडणी बिनचूक करूनही आउटपुटला २.४९ व्होल्ट दिसू शकतात. म्हणजे भट्टी २०० अंशांवर असताना यंत्र सांगतं २४९. दुसरी ७४१ खोचली तर कदाचित १६० म्हणेल, तिसरी २१५. रेझिस्टन्स बरोबर आहेत, सोल्डरिंग बरोबर आहे, थर्मोकपल चांगलं आहे. चूक चिपच्या पोटात आहे आणि ती डेटाशीटच्या पहिल्याच ओळीत छापलेली असते: इनपुट ऑफसेट व्होल्टेज, साधारणपणे २ मिलिव्होल्ट, जास्तीत जास्त ६.

ऑप-अ‍ॅम्पच्या तोंडाशी ट्रान्झिस्टरची एक जोडी बसलेली असते. एक या इनपुटचा, एक त्या इनपुटचा. दोघे हुबेहूब सारखे असतील तरच दोन्ही इनपुटांवर सारखं व्होल्टेज असताना आउटपुट शून्य येईल. पण सिलिकॉनवर शेजारी-शेजारी कोरलेले दोन ट्रान्झिस्टरही अगदी सारखे निघत नाहीत. कुणाचं क्षेत्रफळ किंचित जास्त भरतं, कुणात मिसळलेल्या अशुद्धीचं प्रमाण थोडं वेगळं पडतं. जुन्या तराजूची पारडी समतोल नसली तर हलक्या बाजूला पासंग बांधावा लागायचा, तसंच हे: जोडी समतोलावर आणायला एका इनपुटवर थोडं जास्तीचं व्होल्टेज द्यावं लागतं. ते जास्तीचं व्होल्टेज म्हणजे ऑफसेट. ट्रान्झिस्टरचं गणित सांगतं की खोलीच्या तापमानाला ही रक्कम २६ मिलिव्होल्ट गुणिले दोघांमधला टक्केवारीचा फरक, इतकी येते. जोडीत आठ टक्के फरक असला की २ मिलिव्होल्ट. कारखान्याच्या दृष्टीने आठ टक्के फारसे नाहीत, पण आपल्या थर्मोकपलच्या भाषेत २ मिलिव्होल्ट म्हणजे ४९ अंश. आणि डेटाशीटमधले ६ मिलिव्होल्ट नशिबी आले तर चूक १४६ अंशांची.

हा दोष पकडणं सोपं आहे. थर्मोकपल काढून सुलटं इनपुट सरळ ग्राउंडला जोडायचं. आउटपुट शून्य यायला हवं. आपल्या यंत्रात ०.४९ व्होल्ट आले तर २४४ ने भागायचं, ऑफसेट हातात येतो. उलट्या बाजूचा असला तर आकडा ऋण येतो, म्हणून मोजताना दुहेरी सप्लाय हवा. एकेरी सप्लायवर ऋण आकडा दिसतच नाही.

दोष मोजता येतो म्हटल्यावर तो घालवता येईलच असं वाटतं. ७४१ला त्यासाठी पाय क्रमांक १ आणि ५ दिलेले आहेत. त्यांच्यामध्ये १० किलोओहमचा प्रीसेट लावायचा, त्याचा मधला पाय ऋण सप्लायला जोडायचा, आणि इनपुट ग्राउंडला असताना आउटपुट शून्यावर येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. काम होतं, पण ते त्या क्षणापुरतं असतं. जोडीतला फरक तापमानाबरोबर बदलतो. या चिपमध्ये दर अंशाला काही मायक्रोव्होल्ट सरकतात. ७ धरू. बेकरीत पहाटे २० अंश असताना शून्य लावलं आणि दुपारी भट्टीच्या बाजूला चिप ४० अंशांवर गेली, तर १४० मायक्रोव्होल्टचा ऑफसेट नव्याने उभा राहतो. म्हणजे साडेतीन अंशांची चूक, पुन्हा स्क्रू न फिरवता. पाव भाजायला हे चालून जाईल. प्रयोगशाळेत चालणार नाही. माझं मत विचाराल तर प्रीसेट लावणं हा उपाय म्हणून कमी प्रतीचा आहे. त्याने आजचा आकडा सुधारतो आणि उद्याचा अंदाज बिघडतो, शिवाय धूळ आणि हादरे खाणारा एक भाग वाढतो तो वेगळाच. आधीच चांगली जुळलेली जोडी विकत घ्यावी. ओपी-०७ नावाच्या चिपमध्ये कारखान्यातच जोडी जुळवून देतात. तिच्या साध्या प्रकारात ऑफसेट सुमारे ६० मायक्रोव्होल्ट असतो, आणि आपल्या भट्टीत तो दीड अंशाइतकाच दिसतो.

पहिलं वाक्य होतं, इनपुटमध्ये करंट शिरत नाही. ७४१मध्ये शिरतो. तोंडाशी असलेल्या त्या जोडीतल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरमधून साडेनऊ मायक्रोअँपिअर वाहतात आणि एवढा करंट चालू ठेवायला त्याच्या बेसला शे-दीडशेव्या हिश्शाइतका करंट द्यावाच लागतो. हाच बायस करंट. डेटाशीटमध्ये साधारण ८० नॅनोअँपिअर लिहिलेला असतो. आकडा इतका लहान की दुर्लक्ष करावंसं वाटतं. पण तो कुठल्या रेझिस्टन्समधून जातो यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या भट्टीच्या सर्किटमध्ये तो २४३ किलोओहममधून येतो आणि आउटपुटला १९ मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास दोन अंश, वाढवतो. कुणी बॅटरी वाचवायच्या विचाराने दोन्ही रेझिस्टन्स दहापट केले, १० किलोओहम आणि २.४३ मेगाओहम, तर गेन तोच राहील पण चूक १९ अंश होईल. सर्किट कागदावर सारखंच दिसतं, आणि म्हणूनच हा दोष शोधायला वेळ लागतो.

पाण्याची आम्लता मोजणाऱ्या पीएच मीटरमध्ये हीच गोष्ट टोकाला जाते. त्याच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स १०० मेगाओहम किंवा त्याहून जास्त असतो आणि एक पीएच बदलला की व्होल्टेज बदलतं फक्त ५९ मिलिव्होल्टने. तिथे ७४१ लावली तर ८० नॅनोअँपिअर गुणिले १०० मेगाओहम म्हणजे ८ व्होल्ट. मोजायचं होतं ते त्यात पार बुडून जातं. तिथे फेट इनपुटची चिप लागते. टीएल०७२मध्ये बायस करंट साधारण ६५ पिकोअँपिअर असतो, ७४१च्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. मात्र फेटच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: तो करंट दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. खोलीत मोजलेला आकडा गरम पेटीत लागू पडत नाही.

बायस करंट मोजायचा असेल तर ऑप-अ‍ॅम्प गेन एकवर जोडावा, म्हणजे आउटपुट थेट उलट्या इनपुटला, आणि सुलटं इनपुट १ मेगाओहममधून ग्राउंडला द्यावं. ७४१ असेल तर आउटपुटला ऋण ८० मिलिव्होल्टच्या आसपास दिसतील, कारण करंट ग्राउंडकडून चिपमध्ये शिरतो. मेगाओहमवर एक लहान कंडेन्सर समांतर लावला नाही तर खोलीतल्या वायरिंगचा पन्नास हर्ट्झचाही आकडा त्यात मिसळेल. आणि याच कारणाने सुलटं इनपुट नुसतं कंडेन्सरमधून जोडून सोडून देऊ नये. बायस करंटला जायला वाट नसते, कंडेन्सर हळूहळू भरत जातो आणि काही क्षणांत आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं. नवशिक्यांच्या ब्रेडबोर्डवर हे नेहमी दिसतं.

आतापर्यंतचे दोष स्थिर सिग्नलचे. वेगाचे दोष वेगळ्या जागेतून येतात. ती जागा म्हणजे चिपच्या आत बसवलेला ३० पिकोफॅरडचा एक कंडेन्सर.

तो तिथे का आहे हे समजायला फुलागारच्या आधीची चिप पाहावी लागते. बॉब विडलार यांनी फेअरचाइल्डमध्येच १९६५ साली ७०९ आणली होती. फार चांगली चिप, पण फीडबॅक दिला की शिट्टी मारायची. कारण सरळ आहे. सिग्नल चिपमधून जाताना प्रत्येक टप्प्यावर थोडा उशीर होतो. वेगवान सिग्नलच्या बाबतीत हा उशीर अर्ध्या लाटेइतका भरला की उलटा म्हणून दिलेला फीडबॅक सुलटा होऊन येतो आणि सर्किट स्वतःच आंदोलनं निर्माण करतं. उपाय असा की तो उशीर जमा होण्याआधीच गेन एकच्या खाली आणायचा. ७०९ला त्यासाठी बाहेरून कंडेन्सर आणि रेझिस्टन्स लावावे लागत आणि ते चुकले की शिट्टी. विडलार यांनी पुढे नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये केलेल्या एलएम१०१लाही १९६७ साली बाहेरून ३० पिकोफॅरड लागायचेच. फुलागार यांनी तो कंडेन्सर चिपच्या आत घातला. वापरणाऱ्याचं डोकं शांत झालं. ७४१ एवढी खपली, त्यामागे हे मोठं कारण आहे.

त्याची किंमत अशी: ७४१चा दोन लाखांचा गेन जेमतेम पाच हर्ट्झपर्यंतच टिकतो. त्यापुढे वारंवारता दहापट झाली की गेन दहाव्या हिश्शावर येतो, आणि एक मेगाहर्ट्झला पोचेपर्यंत गेन एकच उरतो. गेन आणि वारंवारता यांचा गुणाकार मात्र कायम दहा लाख हर्ट्झच्या आसपास राहतो. हाच गेन-बँडविड्थ प्रॉडक्ट. गेन १००चा माइक अ‍ॅम्प्लिफायर केला तर १० किलोहर्ट्झपर्यंतच पट नीट मिळते. १० किलोहर्ट्झला आवाज ७० टक्क्यांवर आलेला असतो, झांजेची झणक आणि स-शचा तीक्ष्णपणा मावळतो. आपल्या भट्टीच्या २४४ गेनला चार किलोहर्ट्झ मिळतात. भट्टीचं तापमान मिनिटामिनिटाने बदलतं, त्यामुळे तिथे याची काही फिकीर नाही.

याच कंडेन्सरमधून चौथी मर्यादा निघते. तोंडाशी असलेल्या जोडीकडे दोन्ही ट्रान्झिस्टर मिळून १९ मायक्रोअँपिअरच करंट असतो. आउटपुट वर-खाली करायचं म्हणजे तो कंडेन्सर भरायचा किंवा रिकामा करायचा, आणि इनपुटला कितीही जोरात ढकललं तरी जोडी १९ मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त देऊच शकत नाही. १९ मायक्रोअँपिअरला ३० पिकोफॅरडने भागलं की दर मायक्रोसेकंदाला ०.६३ व्होल्ट येतात. डेटाशीट ०.५ म्हणते. याला स्ल्यू रेट म्हणतात. आउटपुट १० व्होल्टने उडी मारायला निघालं तर त्याला २० मायक्रोसेकंद लागणार, कुणी काहीही केलं तरी.

गेन-बँडविड्थ आणि स्ल्यू रेट यांची गल्लत फार होते. ऑसिलोस्कोपवर दोन्हींचा चेहरा वेगळा असतो. ७४१ गेन एकवर जोडून ५० मिलिव्होल्टची चौकोनी लाट द्यावी. कडा वाकून, हळूहळू मंदावत वर जाते आणि सुमारे ०.३५ मायक्रोसेकंदात काम होतं. ही बँडविड्थची मर्यादा. आता तीच लाट १० व्होल्टची करावी. कडा वाकत नाही, सरळ तिरकी रेघ होते आणि वर पोचायला २० मायक्रोसेकंद घेते. हा स्ल्यू रेट. गोल लाटेच्या बाबतीत फरक असा की बँडविड्थ अपुरी पडली तर लाट गोलच राहते, फक्त लहान होते. स्ल्यू रेट अपुरा पडला तर तिचा त्रिकोण होतो आणि आवाज फाटतो. शंका असेल तर सिग्नल लहान करून बघावा. आकार सुधारला तर दोष स्ल्यू रेटचा, नाही सुधारला तर बँडविड्थचा. ७४१कडून १० व्होल्ट शिखराची लाट हवी असेल तर ती सुमारे ८ किलोहर्ट्झपर्यंतच शाबूत मिळते. २० किलोहर्ट्झला ४ व्होल्टवर समाधान मानावं लागतं.

मग आतला कंडेन्सर लहान का करू नये? शिट्टी परत येते. करंट वाढवला तर? त्याने जोडीची संवेदनशीलताही त्याच प्रमाणात वाढते, गेन-बँडविड्थ पुढे सरकतो, आणि शिट्टी टाळायला कंडेन्सर मोठा करावा लागतो. आपण होतो तिथेच परत. साध्या ट्रान्झिस्टरच्या जोडीत करंट आणि संवेदनशीलता यांचं प्रमाण निसर्गानेच बांधलेलं आहे, आणि स्ल्यू रेट त्या प्रमाणात अडकलेला आहे. फेट इथे कामी येतात. तेवढ्याच करंटला ते कमी संवेदनशील असतात, म्हणून त्यांना भरपूर करंट देऊनही शिट्टी येत नाही. टीएल०७२चा गेन-बँडविड्थ ७४१च्या तिप्पटच आहे, ३ मेगाहर्ट्झ, पण स्ल्यू रेट १३ व्होल्ट दर मायक्रोसेकंद, सव्वीसपट.

मात्र तीच मंद संवेदनशीलता दुसरीकडे हिशेब चुकता करते. जोडीत तेवढाच टक्क्यांचा फरक असला तरी तो भरून काढायला फेटला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. म्हणून टीएल०७२चा ऑफसेट साधारण ३ मिलिव्होल्ट असतो, ७४१पेक्षाही मोठा. ज्या गुणाने चिप वेगवान होते त्याच गुणाने तिचा पासंग वाढतो. ओपी-०७चं नेमकं उलट आहे. ६० मायक्रोव्होल्टचा ऑफसेट, पण स्ल्यू रेट ०.३, म्हणजे ७४१पेक्षाही सावकाश. या दोन चिप्समध्ये श्रेष्ठ कोण हा प्रश्न निरर्थक आहे. भट्टी आणि ध्वनी यांना वेगवेगळे दोष सहन होतात, इतकंच.

डेटाशीट वाचताना एक पथ्य पाळावं. प्रत्येक ओळीत दोन आकडे असतात, साधारण आणि कमाल. एकच नग घरी वापरायचा असेल तर साधारण आकड्यावर सुरुवात करून आपला नग मोजून घेता येतो. पण शंभर यंत्रं बनवून विकायची असतील तर हिशेब कमाल आकड्यावर करावा, कारण प्रत्येक ग्राहकाच्या हाती वेगळी चिप जाणार आहे. आणि बेकरीच्या थर्मामीटरसाठी ७४१ घेऊ नये. ओपी-०७ घ्यावी, आणि उलट्या इनपुटपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टन्स एक किलोओहमच ठेवावा.